सातबाऱ्यावरचा देव

आमच्या गावात एका जमिनीच्या सातबाऱ्यावर देवाचं नाव आहे. पुजारी म्हणतात, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतोय, जमीन आमचीच. खरं काय?

मध्य प्रदेशातल्या अशाच वादात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलं, की मालक देवच. पुजारी देवाच्या वतीने व्यवस्था पाहतो, त्याच्या कसण्याने कूळहक्क येत नाही.

यात श्रद्धेपेक्षा सोय अधिक आहे. दान देणारा मरतो, पुजारी बदलतात, भक्त येतात-जातात. यांच्यापैकी कुणाच्याही नावावर मालमत्ता ठेवली तर त्याचे वारस वाटण्या मागतील. म्हणून कायद्याला न मरणारं एक नाव हवं असतं. कंपनीचंही तसंच. हे कायदेशीर व्यक्तित्व दगडाला मिळत नाही, दात्याच्या धर्महेतूला मिळतं. त्यामुळे मूर्ती भंगली तरी मालकी बुडत नाही. नाव आलं की जबाबदारीही येते. 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूर्तीवर प्राप्तिकर लागतो, असं ठरवलं!

देव तर बोलत नाही. त्याच्या मनात काय आहे हे कोर्टाला कसं कळतं?

कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यात कुलदेवतेच्या पूजेची पाळी वाटून घेतलेली होती. एका सेवेकऱ्याला आपल्या पाळीत मूर्ती स्वतःच्या घरी न्यायची होती. बाकीचे अडून बसले. 1925 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या शेवटच्या अपील न्यायालयाने म्हटलं, की मूर्ती म्हणजे घरातली चीजवस्तू नव्हे. तिने कुठे राहावं याबद्दल तिची इच्छाही विचारात घ्यायला हवी, आणि ती मांडायला भांडणात हितसंबंध नसलेला त्रयस्थ नेमा. माझ्या मते या निकालाचा गाभा त्या त्रयस्थात आहे. सांभाळणाराच हितविरोधी निघाला, तर देवाला दुसरं तोंड मिळालं पाहिजे.

गंगेलाही कायदेशीर व्यक्ती ठरवलं होतं ना? मग पुराची भरपाई गंगेकडून घ्यायची का?

उत्तराखंड सरकारची अडचण जवळपास हीच होती. मार्च 2017 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवून राज्याच्या मुख्य सचिवांसह तीन अधिकाऱ्यांना पालक नेमलं. पण नदी अनेक राज्यांतून वाहते. एका राज्याचा सचिव तिचं काय करणार? शिवाय ज्या सरकारवर दावा लावायचा, त्याचीच माणसं पालक. मल्लिक प्रकरणातला त्रयस्थ इथे नव्हता. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली.

त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूझीलंडमध्ये वांगानुई नदीसाठी संसदेने कायदा केला होता. त्यात दोन प्रतिनिधी आहेत, एक सरकारचा आणि एक नदीकाठच्या माओरींचा. सोबत 3 कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी.

मग आमचे बैल?

सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या जल्लीकट्टू निकालाने प्राण्यांच्या सन्मानाची भाषा केली; पण 2023 मध्ये घटनापीठाने प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं मानायला नकार दिला. माणसावर क्रूरता न करण्याचं बंधन आहेच, पण बैल स्वतः वादी होऊ शकत नाही.