न झालेल्या बोलण्याचं ‘Re:’

ताई, वेंगुर्ल्याला मामांचा काजू कारखाना आहे. पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांना मेल मी पाठवते. उत्तरं येईनात, म्हणून मामांनी विषयाआधी ‘Re:’ टाकायला आणि ‘मागच्या आठवड्यात बोलल्याप्रमाणे’ असं लिहायला सांगितलं. चाळीस मेल गेले. उघडले जास्त जातात म्हणे, पण एकाने विचारलंय, ‘आपण कधी बोललो?’ आता काय लिहू?
– भाची, वेंगुर्ला

त्याला आजच लिही: ‘आपलं यापूर्वी बोलणं झालेलं नाही. विषयात Re: आम्हीच टाकलं होतं, ती आमची चूक. आम्ही वेंगुर्ल्यात काजूगर तयार करतो. नमुना हवा असल्यास कळवा, नको असल्यास पुन्हा मेल करणार नाही.’ ‘गैरसमज झाला असावा’ अशी मखलाशी करू नकोस, तो लगेच तारीख विचारेल. उरलेल्या एकोणचाळीस जणांना मात्र माफीचे मेल धाडू नकोस. कुणी विचारलं तर सांग.

खरेदी बघणारा माणूस आधी तुमचं नाव आपल्या मेलमध्ये शोधतो. काही सापडत नाही, खाली जुना मजकूरही नसतो. शिवाय खऱ्या उत्तरात In-Reply-To अशी एक लपलेली ओळ असते, तिच्यात आधीच्या मेलची खूण असते. हाताने टाइप केलेल्या ‘Re:’मागे ती नसते, जीमेलमध्ये Show original उघडलं की कळतं. चिडलेला माणूस एवढं खोदत नाही म्हणा, तो सरळ स्पॅमचं बटण दाबतो. अशा तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवा आणि ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊच देऊ नका, असं गूगल मेल पाठवणाऱ्यांना सांगतं. चाळिसात एकाने बटण दाबलं तरी अडीच टक्के झाले. मग त्याच पत्त्यावरून जाणारी मामांची खरी बिलंही स्पॅममध्ये पडू शकतात.

आणि ‘उघडले जातात’ यावर मामांनी फार विसंबू नये. ॲपलच्या मेलमध्ये २०२१पासून अशी सोय आहे की, ती चालू असली तर कुणी न वाचताही मेल उघडल्याची नोंद होते. उत्तरं किती आली, तेवढंच मोज.

विषयात माल लिही: ‘काजूगर डब्ल्यू-३२०, वेंगुर्ला, ५० किलोपासून, नमुना २५० ग्रॅम’. पहिल्याच वाक्यात ‘आपली ओळख नाही’ असं लिही आणि त्यांचा पत्ता कुठून मिळाला तेही सांग. पाच-सहा कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन तोच मेल उघड आणि त्यालाच उत्तर दे. तेव्हा ‘Re:’ आपोआप येतं, ते खरं असतं, आणि पहिला मेल खाली दिसतो. असं एकदाच कर.

‘Fwd:’चंही तेच. एखाद्या व्यापाऱ्याने तुमचा दर खरोखर दुसऱ्याकडे पाठवायला सांगितला असेल, तर त्याची परवानगी घेऊन मूळ मेलच पुढे पाठव. मामा कुणाला प्रदर्शनात भेटले असतील, तर ठिकाण आणि महिना लिही. दोन्ही आठवत नसतील, तर भेटीचा उल्लेखच नको.