शालेय कबड्डीचं समालोचन: नियम नेमका कधी सांगायचा?

चढाई सुरू असताना नियम समजावू नकोस. तीस सेकंदांत फक्त हालचाल बोल: “डावा कोपरा सावध... पाय टाकला... परत फिरला!” चढाईपटू मध्यरेषा ओलांडून परतला की पुढची चढाई सुरू होईपर्यंत मोजकेच क्षण मिळतात. तेवढ्यात एकच नियम सांग.

पालक सर्वाधिक गोंधळतात ते बोनसला, कारण कोणालाही स्पर्श न होता गुण मिळतो. तेव्हा म्हण: “समोर सहा किंवा सात बचावपटू होते. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, त्याच वेळी मागचा हवेत होता, म्हणून एक गुण!” मात्र पंचांची खूण दिसेपर्यंत थांब. घाईत गुण जाहीर केलास आणि पंचांनी नाकारला, तर पालक पंचांवरच ओरडतात.