गॅस संपला, फी गेली: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

इथेरियमवरचा माझा व्यवहार ‘out of gas’ दाखवून फेल झाला. फी परत कधी येईल?

येणार नाही. तिचा मूळ भाग, म्हणजे बेस फी, ऑगस्ट 2021 पासून नष्टच केला जातो आणि उरलेली टिप व्हॅलिडेटरला मिळते.

काम झालंच नाही, मग पैसे कशाचे?

काम झालं, फक्त टिकलं नाही. समजा, एक फंक्शन सभासदांच्या यादीवर लूप चालवून प्रत्येकाच्या नावे नवी शिल्लक नोंदवतं आणि तुम्ही गॅस लिमिट 3,00,000 ठेवलंय. व्यवहार सुरू होतानाच 21,000 गॅस जातो. पुढे प्रत्येक नोंदीला सुमारे 25,000 लागतो, त्यामुळे अकरा नोंदी होतात आणि बारावीला गॅस संपतो. अर्धवट निकाल ठेवता येत नाही म्हणून त्या अकराही पुसल्या जातात. पण नेटवर्कवरच्या नोड्सनी त्या चालवून पाहिलेल्या असतात. हे फुकट असतं, तर न संपणारा लूप पाठवून कोणीही सगळ्यांना वेठीला धरलं असतं. दर 20 ग्वेई असेल, तर हिशोब असा:

```
300000 × 20 gwei = 0.006 ETH
```

कॉन्ट्रॅक्टने स्वतःहून `revert` केलं, तर उरलेल्या गॅसचे पैसे कापले जात नाहीत. इथे उरलेलं काहीच नसतं.

मित्राच्या सांगण्यावरून दर वाढवून पुन्हा पाठवला. पुन्हा तेच झालं.

होणारच. दर वाढवल्याने व्यवहार ब्लॉकमध्ये लवकर जातो, त्याला गॅस जास्त मिळत नाही. तुम्ही तेच अपयश महागात विकत घेतलंत. असले सल्ले ऐकण्याआधी एक्सप्लोररवर लिमिट आणि वापर शेजारी ठेवून बघा. वापर 100 टक्के किंवा त्याच्या अगदी जवळ असेल, तर बहुधा लिमिटच कमी पडलंय.

मग लिमिट दहापट करू का?

न वापरलेल्या गॅसचे पैसे लागत नाहीत, म्हणून वॉलेटच्या अंदाजापेक्षा थोडं जास्त ठेवायला हरकत नाही. अंदाज काढल्यानंतर यादीत कोणी आलं, तर तो चुकतोच. पण यादी वाढतच जाणार असेल, तर लिमिट वाढवणं हे दुखणं लांबवणं आहे. ब्लॉकलाही गॅसची मर्यादा असते. एक दिवस असा येतो की कितीही पैसे मोजा, ते फंक्शन चालत नाही, आणि पैसे बाहेर काढण्याचा तोच एक रस्ता असेल तर ते आत अडकतात. एकेका सभासदाने आपला वाटा स्वतः काढून न्यावा किंवा यादी तुकड्यांत चालवावी, हा उपाय सर्वांना ठाऊक आहे. तरी ‘आत्ता पन्नासच सभासद आहेत’ म्हणून तो पुढे ढकलला जातो. तैनात केलेला कोड सहसा बदलता येत नाही, तेव्हा ऑडिटरला आधीच दाखवा. तुम्ही नुसते वापरकर्ते असाल, तर पुन्हा पाठवण्याआधी कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्यांना व्यवहाराचा हॅश देऊन विचारा.

एक जण थोड्या मोबदल्यात गेलेली फी परत मिळवून देतो म्हणतो. सीड फ्रेज मागतोय.

चोर आहे. दिली असेल, तर नवं वॉलेट उघडून शिल्लक आत्ताच तिकडे हलवा.