रोझिओलाचा ताप, पुरळ आणि मध्येच आलेली आकडी

प्रश्न: बाळ १० महिन्यांचं. तीन दिवस १०३-१०४ ताप, पहिल्याच संध्याकाळी फिट आली. आज ताप उतरला तर छाती-पोटावर गुलाबी पुरळ. डॉक्टर रोझिओला म्हणतात, सासूबाई गोवर. फिट का आली, मी औषध उशिरा दिलं म्हणून का?

नाही हो, तुमच्यामुळे नाही. माझ्या मुलीला ११व्या महिन्यात अगदी हेच झालं होतं आणि मीही तेव्हा स्वतःलाच दोष देत बसले होते.

गोवर नसावा, कारण गोवरात सर्दी-खोकला आणि लाल डोळे असतात, पुरळ कानामागून-चेहऱ्यावरून सुरू होतं आणि ते येतं तेव्हा ताप चढलेलाच असतो. रोझिओलात उलटं, ३ ते ५ दिवस सणसणीत ताप, मग तो एकदम जातो आणि मग पोटापाठीवर पुरळ येतं, खाज नाही, एकदोन दिवसांत गायब. म्हणूनच पहिल्या दिवशी कुणीच ठामपणे रोझिओला सांगू शकत नाही. आमच्याकडे तर मधे अँटिबायोटिक सुरू केलेलं, त्यामुळे पुरळ आल्यावर सगळे म्हणाले औषधाची अ‍ॅलर्जी, आणि तो शिक्का फाईलवरून पुसायला पुढे दोन वर्षं गेली!

आता फिट. ६ महिने ते ५ वर्षांपर्यंत मेंदू कच्चा असतो, तापात पेशी पटकन उत्तेजित होतात आणि काही घराण्यांत हा कल असतोच (नवऱ्याला लहानपणी आकडी आली होती का, सासूबाईंनाच विचारा). त्यात रोझिओलाचा विषाणू, एचएचव्ही-६, ताप झपकन आणि खूप चढवतो, शिवाय तो मेंदूपर्यंतही पोचू शकतो, म्हणून साध्या व्हायरलपेक्षा यात फिट जास्त दिसते. बऱ्याचदा घरच्यांना ताप आहे हे कळायच्या आधीच येते. पॅरासिटामॉलने बाळाला बरं वाटतं, पण वेळेवर दिलं म्हणून फिट टळते असं नाही, हे डॉक्टरांनी मला तीनदा समजावलं तेव्हा कुठे पटलं.

परत आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा-बोट-पाणी काही नाही, कांदा-चप्पल हुंगवणं तर नकोच. ५ मिनिटांत थांबली नाही तर थेट हॉस्पिटल. थांबली पण बाळ नीट जागं होत नाही, २४ तासांत पुन्हा आली, एकाच बाजूचे हातपाय उडले, टाळू फुगली किंवा पुरळ काचेच्या ग्लासने दाबूनही फिकं होत नाही, तरी लगेच पळा. या वयात पहिली आकडी आली की पुढच्या एखाद्या तापात परत यायची शक्यता साधारण निम्मी असते, त्यामुळे चालू फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे घरी ठेवायचा का, किती डोस, हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आमचा स्प्रे तसाच एक्सपायर झाला.