मूळ संख्येच्या चाळणीतून बहुपदी गाळताना

खानापूरच्या आमच्या अभ्यासवर्गात नव्याने आलेल्या तुमच्यासारख्यांना मी प्रथम x⁴ + 2x³ + 3x + 5 ही बहुपदी देतो आणि ती लहान कोटीच्या अवयवांत फुटते की अविभाज्य आहे, हे विचारतो. सहगुणकांची 2 ने भागून उरणारी बाकी घेतली की x⁴ + x + 1 मिळते. तिच्यात 0 किंवा 1 ठेवल्यास बाकी 1 येते, म्हणजे एकघाती अवयव नाही. पण येथेच थांबू नका, कारण दोन द्विघाती अवयव अजून शक्य आहेत. मॉड्युलो 2, म्हणजे 2 ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या हिशेबात, एकमेव अविभाज्य द्विघाती बहुपदी x² + x + 1 असून तिचा वर्ग x⁴ + x² + 1 येतो, जो आपल्या बहुपदीशी जुळत नाही. म्हणून सुरुवातीची बहुपदी परिमेय सहगुणकांवर अविभाज्य आहे.

हा निष्कर्ष अग्रसहगुणकाला ती मूळ संख्या भागत नसेल तरच काढावा. 2x² + 3x + 1 मॉड्युलो 2 केवळ x + 1 उरते, जी अविभाज्य आहे. प्रत्यक्षात ती (2x + 1)(x + 1) आहे. कोटी घटली आणि एक अवयव स्थिरांक होऊन लपला.

उलट दिशेने, म्हणजे मॉड्युलो एखादी मूळ संख्या बहुपदी फुटली म्हणून, तर काहीच सिद्ध होत नाही. x⁴ + 1 मॉड्युलो प्रत्येक मूळ संख्या फुटते. मॉड्युलो 5 ती (x² + 2)(x² − 2) होते. तरीही ती अविभाज्य आहे: x च्या जागी x + 1 ठेवल्यास x⁴ + 4x³ + 6x² + 4x + 2 मिळते आणि तिला 2 साठी आयझेनस्टाइनचा निकष लागू पडतो: अग्रसहगुणक सोडून बाकी सर्व सहगुणकांना 2 भागतो, पण स्थिरांकाला 4 भागत नाही. चार-पाच मूळ संख्यांनी दगा दिला, तर मी तरी सहावी शोधण्याआधी अशी अदलाबदल करून पाहतो.