प्रस्तावना कापून गोषवारा होत नाही

‘सर, माझी मुलगी भूगोलात पीएच.डी. करते आहे. विषय आठवडी बाजारांचा, प्रबंध मराठीत. एका परिषदेसाठी 150 शब्दांचा गोषवारा हवा होता. तिला तो जमेना, म्हणून मीच बसलो आणि प्रस्तावनेची चौदा पानं कापत कापत बरोबर 150 शब्दांवर आणली. मी एकतीस वर्षं सरकारी कार्यालयात टिप्पण्या लिहिल्या आहेत, भाषा माझी चांगली आहे. तरी गाईडनी “हा गोषवाराच नाही” म्हणून तो परत केला. तेव्हापासून मुलगी माझ्याशी धड बोलत नाही. वय एकोणतीस झालं. एवढंही जमत नसेल तर प्राध्यापकी कशी मिळणार? गोषवारा कसा लिहायचा ते सांगा आणि तिलाही चार शब्द सुनवा.’ — एक वडील, सातारा

नमस्कार.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेला मजकूर वाचला. भाषा खरंच स्वच्छ आहे. पण पत्र वाचून मला गोषवाऱ्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटली. एकोणतीस वर्षांच्या संशोधक मुलीच्या प्रबंधाचा गोषवारा वडिलांनी लिहिला, तो तिच्या नावावर गाईडकडे गेला आणि परत आल्यावर बोलणी तिनेच खाल्ली. ती तुमच्याशी बोलत नाही याचं मला नवल वाटत नाही. परिषदेत त्या दीडशे शब्दांवर प्रश्न विचारले जातील, तेव्हा उत्तरं तिला द्यायची आहेत. म्हणून स्पष्ट सांगतो, हे काम तुम्ही करायला नको होतं. शेवटचं प्रकरण तुम्ही वाचलं आहे का? तुमच्या मजकुरात त्यातली एकही गोष्ट नाही, त्यावरून वाचलं नसावं असं वाटतं.

गाईडचं म्हणणंही बरोबर आहे. तुमची सुरुवात ‘भारत हा कृषिप्रधान देश असून…’ अशी आहे आणि शेवट ‘…या विविध पैलूंचा अभ्यास करण्यात आला आहे’ असा. पूर्ण वाचून झाल्यावरही बाजारांबद्दल तुमच्या मुलीला काय आढळलं हे मला कळलं नाही. त्यांची गिऱ्हाइकं कमी झाली, वाढली, की दुसऱ्या वारी वळली?

हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, पण तुमच्या बाबतीत त्याचं मूळ मला दिसतं. कार्यालयीन टिप्पणीत आधी विषय, मग संदर्भ, मग पार्श्वभूमी येते आणि शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. निर्णय वरच्या साहेबांनी घ्यायचा असतो, म्हणून टिप्पणी निर्णयाच्या उंबऱ्यावर थांबते. प्रबंधाची प्रस्तावनाही तिथेच थांबते. विषय का निवडला, आधी कोणी काय लिहिलं, कोणती जागा रिकामी राहिली, आपण काय तपासणार, एवढंच तिच्यात असतं. सापडलेलं उत्तर पुढच्या प्रकरणांत असतं. त्यामुळे प्रस्तावना कितीही कौशल्याने कापली तरी तिच्यातून उत्तर निघणार नाही, कारण ते तिच्यात घातलेलंच नाही. तुम्ही चौदा पानांचा अर्क काढलात, पण तो प्रश्नाचा अर्क आहे. गोषवारा वाचणाऱ्याला प्रश्न आणि उत्तर दोन्ही एका दमात हवं असतं.

नुसतं सांगून हे पटायचं नाही, म्हणून एक नमुना करून दाखवतो. विषय मुद्दाम वेगळा घेतला आहे, कारण तुमच्या मुलीचा गोषवारा मीही लिहिणार नाही. समजा, प्रबंध सिमेंट बंधारे आणि विहिरींच्या पाण्यावर आहे. यातले आकडे कल्पित आहेत, फक्त बांधणी पाहा:

‘सिमेंट बंधाऱ्यांमुळे भोवतालच्या विहिरींचे पाणी वाढते असे मानले जाते; ते पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकते का, हे मात्र क्वचित तपासले जाते. बेसॉल्ट खडकाच्या एका पाणलोट क्षेत्रातील 36 खोदविहिरींची पाणीपातळी सलग दोन वर्षे ऑक्टोबर, जानेवारी आणि मे या महिन्यांत मोजली. त्यांपैकी 18 विहिरी बंधाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, तर 18 त्याहून दूर होत्या. प्रत्येक विहिरीतील मुरमाच्या थराची जाडीही नोंदवली. ऑक्टोबरमध्ये जवळच्या विहिरींची पातळी दूरच्या विहिरींपेक्षा सरासरी 1.8 मीटरने वर होती. जानेवारीत हा फरक 0.7 मीटरवर आला आणि मे महिन्यात तो उरला नाही. मेपर्यंत पाणी राहिलेल्या 11 विहिरींपैकी नऊ विहिरींत मुरमाचा थर सहा मीटरपेक्षा जाड होता. त्या नऊंपैकी पाच विहिरी बंधाऱ्यापासून दूर होत्या. यावरून या क्षेत्रात उन्हाळ्यातील पाणी बंधाऱ्याच्या जवळिकीपेक्षा मुरमाच्या जाडीवर अधिक अवलंबून असल्याचे दिसते. बंधाऱ्यांची जागा ठरवताना नाल्याच्या उताराबरोबर मुरमाची जाडीही तपासल्यास साठलेले पाणी अधिक काळ टिकण्याची शक्यता आहे. दोन्ही वर्षी पाऊस सरासरीच्या आसपास होता. त्यामुळे दुष्काळी वर्षाला हे निष्कर्ष लागू करता येणार नाहीत.’

हे 141 शब्द आहेत. त्यांतलं पहिलं वाक्य, म्हणजे 19 शब्द, तेवढे प्रस्तावनेतून आले. पुढचे 36 अभ्यासपद्धतीच्या प्रकरणातून, त्यानंतरचे 43 आकडेवारीच्या प्रकरणातून आणि शेवटचे 43 निष्कर्षांतून. या प्रबंधाच्या प्रस्तावनेतही ‘पाणी हे जीवन आहे’ पासून भूजलाच्या व्याख्येपर्यंत आठ-दहा पानं असणारच. त्या सगळ्यातून इथे दोन गोष्टी उरल्या: लोक काय मानतात आणि काय तपासलं गेलं नाही. एवढ्यावर प्रश्न उभा राहतो. व्याख्या, आधीच्या संशोधकांची नावं, तालुक्याचा इतिहास यांतलं काहीही गोषवाऱ्यात घ्यायचं नाही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना प्रबंध शेवटाकडून उघडायला सांगतो. आधी निष्कर्षाच्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं विधान एका वाक्यात लिहायचं. मग ज्या एका-दोन आकड्यांवर ते उभं आहे ते त्याच्या आधी ठेवायचे. मग ते आकडे कुठून, किती जागांवरून आणि किती काळात मिळाले ते. प्रस्तावना अगदी शेवटी उघडायची आणि हे उत्तर ज्या प्रश्नाचं आहे तेवढाच प्रश्न उचलून सुरुवातीला लावायचा. लिहिण्याचा क्रम उलटा, वाचण्याचा सुलटा.

दीडशे शब्दांची खरी अडचण मात्र कापाकापीची नाही, निवडीची आहे. अमेरिकेत युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही संस्था प्रबंधांचे गोषवारे सूचीत छापायची, तेव्हा मास्टर्सच्या प्रबंधाला 150 आणि पीएच.डी.च्या प्रबंधाला 350 शब्दांची मर्यादा होती. तुमच्या मुलीला पीएच.डी.चं काम मास्टर्सच्या जागेत बसवायचं आहे. तिच्या प्रबंधात चार-पाच उद्दिष्टं असतील. दीडशे शब्दांत त्या पाचांना एकेक वाक्य दिलं, तर पाचही पोकळ होतात आणि ‘विविध पैलूंचा अभ्यास’ असा शब्दप्रयोग आपोआप येतो. त्यामुळे एक उद्दिष्ट पूर्ण घ्यायचं आणि बाकीची सोडायची. कोणतं घ्यायचं, हे आठवड्यामागून आठवडे बाजारात उभं राहून ज्याने माहिती गोळा केली त्यालाच कळतं. तिला गोषवारा ‘जमेना’ असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, ती या निवडीपाशी अडली आहे आणि तिथे अडणं हे आळसाचं लक्षण नाही. त्यात मदत करायची तर गाईडच करू शकतात.

पहिला खर्डा झाला की तिने प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाखाली रेघ ओढावी. ‘आहे’, ‘असते’, ‘मानले जाते’, ‘अभ्यास करण्यात आला आहे’ अशीच क्रियापदं खालपर्यंत दिसली, तर ती अजून प्रस्तावनेतच आहे. ‘मोजली’, ‘नोंदवली’, ‘वर होती’, ‘उरला नाही’ अशी क्रियापदं मध्यावर यायला हवीत. ‘निष्कर्ष मांडले आहेत’ हे वाक्य सापडलं, तर ते खोडून तिथे तो निष्कर्षच लिहायचा. शब्दसंख्याही फारशी वाढत नाही. याला अपवाद आहे: केवळ आधीच्या साहित्याचा आढावा घेणाऱ्या लेखनात काय काय पाहिलं एवढंच सांगणारा गोषवारा चालतो. तुमच्या मुलीने प्रत्यक्ष बाजारात जाऊन काम केलं आहे, तिला तो चालणार नाही.

परिषदेला इंग्रजी गोषवाराही लागणार असेल तर आधीच सांगून ठेवतो. ‘बंधाऱ्यापासून’ हा मराठीत एक शब्द आहे, इंग्रजीत त्याचे तीन होतात. मराठीतले पूर्ण 150 शब्द भाषांतरात दोनशेच्या घरात जाऊ शकतात. तेव्हा शब्दशः भाषांतर करत बसण्यापेक्षा तिने त्याच क्रमाने इंग्रजी गोषवारा वेगळा लिहावा.

प्राध्यापकीचं म्हणाल, तर नेट-सेट आणि मुलाखतींचा रस्ता तिला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. मुलाखतीत ‘तुमच्या प्रबंधात काय सापडलं?’ हा प्रश्न येतो आणि तिथे तुम्ही शेजारी बसलेले नसाल.

तिला चार शब्द सुनवायचं काम मी करणार नाही. तुम्हाला मात्र एक काम देतो. गाईडनी परत केलेला कागद तिच्या टेबलावर असेल तर तो तिथून उचला आणि ‘मी यात पडायला नको होतं’ एवढं तिला सांगा. मग एखाद्या संध्याकाळी विचारा, ‘तुला बाजारात काय सापडलं गं?’ आणि ती बोलेल तेवढं मध्ये न बोलता ऐका. तुम्ही भूगोलाचे नाही, त्यामुळे तुम्हाला समजेल असं सांगताना तिची निवड कदाचित आपोआप होईल. ती काय म्हणाली ते लिहून घेऊ नका, लिहायचं ते ती लिहील. खर्डा झाल्यावर तिला वाटलं तर मला पाठवू दे. पण पत्र तिचं यावं, तुमचं नाही.