म्हणी मोजू नका, 'करतोय' कसं म्हटलंय ते बघा

प्रश्न: आमच्या मंडळाच्या कथास्पर्धेला आलेल्या एका कथेत भरपूर म्हणी आणि वऱ्हाडी शब्द आहेत. म्हणजे ती एआयने नाही, माणसानेच लिहिली असं धरून चालेल का?

नाही चालणार. आणि ज्या कथेत एकही म्हण नाही ती यंत्राची, हे तर त्याहून चालणार नाही. हल्ली परीक्षक मंडळी हाच नियम लावतात, म्हणून जरा तिडकीने लिहितोय.

म्हणींचं आधी उरकतो. म्हणी मिळवणं सोपं आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात त्या जागोजागी सापडतात, दाते-कर्व्यांनी वाक्संप्रदायांचा स्वतंत्र कोश केला, आणि दहावीच्या व्याकरणाच्या पुस्तकात 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' असतंच. हे सगळं यंत्राने वाचलेलं आहे. शिवाय एका परिच्छेदात चार म्हणी कोंबणं ही तर चांगल्या मार्कांच्या निबंधाची जुनी सवय. शाळेत शिकलेला माणूसही तेच करतो.

म्हण किती वेळा आली यापेक्षा ती कशी आली ते बघा. बोलणारा माणूस म्हण सहसा पुरी करत नाही. 'आडातच नाही तर...' एवढं म्हणून थांबतो, किंवा 'झालं, आता अंगण वाकडं' असं वळवून घेतो, कारण समोरच्याला पुढचं ठाऊक आहे. कोशातल्यासारखी अख्खी म्हण अवतरणात देऊन पुढे 'म्हणजेच आपला दोष दुसऱ्यावर ढकलू नये' असा खुलासा आला, की लेखकाच्या डोळ्यासमोर मराठी वाचक नाही एवढं कळतं. वाक्प्रचाराच्या आजूबाजूचं व्याकरणही तपासा. 'पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळाला' हे ठरलेलं आहे, इथे 'पोलिसांना तुरी दिल्या' म्हणून चालत नाही. 'माझी तारांबळ उडाली' असं होतं, 'मी तारांबळ उडवली' असं कोणी म्हणत नाही. अर्थ पाठ असून हा सांगाडा चुकला तर शंका घ्यायला जागा आहे. पण शंकाच, कारण माणसंही सर्रास चुकतात. दुरून, अंग न लावता कारभार करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तरी 'फार अवघड काम' या अर्थाने तो वापरणारे पदवीधर भेटतात. आणि 'हिमनगाचं टोक' दिसलं म्हणून यंत्राला धरू नका, ते आपल्या वर्तमानपत्रांनीच इंग्रजीतून आणलंय.

आता वऱ्हाडी. शब्द सुटे उचलता येतात. 'लय', 'पोट्टं', 'काऊन' हे सिनेमा-मालिकांनी आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंनी पुण्या-मुंबईपर्यंत पोचवलेत, त्यांच्यावर काहीच ठरत नाही. बोली ओळखायची ती प्रत्ययांवरून आणि क्रियापदांवरून. तुमच्या कथेत आजीच्या तोंडी असं वाक्य आहे समजा:

'काऊन रे पोट्ट्या, तू काल शाळेत का गेला नाहीस? मी तुला लय वेळा सांगितलं आहे.'

तीन शब्द वऱ्हाडी आणि बाकी सगळा सांगाडा प्रमाण मराठीचा. 'काऊन' म्हणजेच 'का', तरी पुढे पुन्हा 'का' आलाय. जोर द्यायला माणूस 'काऊन'च दोनदा म्हणेल, पण तिथे बदलून 'का' म्हणणार नाही. 'नाहीस' मधला शेवटचा 'स' पश्चिमेकडचा, तिकडे 'तू गेला नाही' एवढंच पुरतं. 'तुला' ऐवजी 'तुले' हवं, 'मी सांगितलं' ऐवजी 'म्या सांगतलं', आणि 'ळ' चा 'य' होत असल्याने 'शाळेत' चं 'शायेत'. खेड्यातली आजी साधारण असं बोलेल:

'काऊन रे पोट्ट्या, काल शायेत काऊन नाई गेला? कितीकदा सांगतलं म्या तुले.'

इथे 'लय' आपोआप गळून पडला, त्याची गरजच नव्हती. बोली ऐकून लिहिणाऱ्याच्या लिखाणात शोभेचे शब्द कमी आणि न दिसणारे प्रत्यय जास्त असतात. नुसत्या यादीवरून रंग चढवणाऱ्याचं याच्या उलट होतं.

सगळ्यात भरवशाची जागा चालू काळाची, कारण ती लेखकाच्या लक्षातही येत नाही. पुण्याकडे 'करतोय', कोल्हापुरात 'करालोय', लातूर-नांदेडकडे 'करायलोय', वऱ्हाड-नागपुरात 'करून रायलो', मालवणीत 'मी करतंय'. पात्र 'मले', 'तुले' म्हणतं आणि पुढच्याच ओळीत 'मी जेवत आहे' म्हणतं, तर तिथे पेन्सिलने खूण करा. एकट्या 'ले' वर मात्र गाव ठरवू नका, अहिराणीतही 'माले', 'तुले' आहे, आणि 'डोया' तिकडेही म्हणतात. भंडारा-गोंदियाकडची झाडीबोली तर वेगळीच, विदर्भ म्हटलं की सगळं वऱ्हाडी हा पुणेरी गैरसमज आहे.

करायचं असं. कथेतले संवाद वेगळे काढा, निवेदन सोडून द्या, कारण निवेदन प्रमाण भाषेत ठेवणं ही वऱ्हाडी लेखकांचीही रीत आहे. दहा-बारा संवादांत चारच गोष्टी तपासा: ला की ले, चालू काळ, 'तू' पुढचा 'स', आणि 'ळ'. मग त्याच पात्राच्या वाक्यांची आपसात तुलना करा. नागपुरातला शिकलेला मुलगा मास्तरांपुढे 'मला' आणि मित्रांत 'मले' म्हणतो, 'ळ' ही नीट उच्चारतो, त्यात वावगं काही नाही. ऐकणारा बदलला की भाषा बदलते. ऐकणारा तोच, प्रसंग तोच, आणि एकाच वाक्यात 'मले' व 'तुला' शेजारी बसलेत, तर खटकायला हवं.

खटकलं तरी निकाल देऊ नका. मोबाइलचा कळफलक 'मले' टाइप केलं की 'मला' सुचवतो आणि घाईत तेच छापलं जातं. मुद्रितशोधक 'शायेत' ला चूक समजून दुरुस्त करतो. पुण्यात वीस वर्षं राहिलेल्या अकोलेकराची बोली खरोखरच सरमिसळ झालेली असते. उलट बाजूने, एखाद्याने अस्सल वऱ्हाडीची चार पानं नमुना म्हणून यंत्राला दिली, तर 'ले' आणि 'रायला' ते बऱ्यापैकी सांभाळतं. म्हणजे या चार खुणांवरून लिखाण बोलीच्या किती जवळचं आहे ते कळतं, लिहिणारा कोण ते नाही. हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

शंका फारच असेल तर लेखकाला बोलवा आणि कथेतले पाच संवाद त्याच गावच्या पण वेगळ्या पात्राच्या तोंडी बदलून मागा: आजीऐवजी कॉलेजातली नात, सरपंचाऐवजी सालगडी. ज्याच्या कानात ती माणसं आहेत तो नातीचा 'ळ' परत आणेल, तिच्या बोलण्यात हिंदी घालेल, आणि सालगड्याला सरपंचापुढे 'मले' म्हणू द्यायचं की नाही यावर तुमच्याशी वाद घालेल. कच्चा मसुदा असेल तर तोही मागा, खोडलेली वाक्यं म्हणींपेक्षा जास्त बोलतात.

आणि कोणा परीक्षकाने 'एकही म्हण नाही, काऊन नाही, हा कसला वऱ्हाडी लेखक' म्हटलं, तर त्यांना आधी विचारा की 'मी जेवत आहे' ला अकोल्यात काय म्हणतात.